दारापर्यंतचा पैसा

आजी गेल्यावर तिची पत्र्याची ट्रंक उघडली. नऊवारी लुगडी, जुनी रेशनकार्डं, आणि सगळ्यांच्या खाली सुतळीने बांधलेला कागदांचा एक गठ्ठा. मनिऑर्डरची कूपनं होती ती. आजोबा परळच्या गिरणीत साच्यावर कामाला आणि आजी खेड तालुक्यातल्या घरी, अशी त्यांच्या संसाराची तीसेक वर्षं गेली. मनिऑर्डरच्या फॉर्मच्या तळाशी निरोपासाठी चार बोटं जागा असायची. तेवढ्यात आजोबांनी दरमहा अख्खं घर चालवलेलं दिसतं: 'रु. २५ पाठवले. पैकी ५ वाण्यास द्यावे. कौले पावसाआधी चाळून घ्यावी. गाय व्याली का कळवावे.'

पैसे पोस्टमन घरी आणून द्यायचा. पाणंदीतूनच त्याची हाक यायची, "आजी, मनिऑर्डर आलीय गो!" तो ओटीवर बसायचा, नोटा दोनदा मोजायचा, आजीचा अंगठा घ्यायचा. अंगठ्याला साक्षीदार लागतो म्हणून शेजारच्या मास्तरांना बोलावणं जायचं. मग फॉर्मचा कूपनाचा तुकडा फाडून आजीच्या हातात, आणि अंगठा उमटलेली पोच उलट्या टपालाने मुंबईला. ती पोच हातात पडली की आजोबांना कळायचं, पैसे पोचले.

मी हा मागोवा घ्यायला बसलो तो माझ्या मावसभावाच्या मुलाच्या एका प्रश्नावरून. तो शारजात एसीची कामं करतो. पैसे पाठवणाऱ्या पेढीच्या खिडकीवर त्याला विचारलं, "बँकेत टाकायचे, वॉलेटमध्ये, की रोख?" त्याने मला फोन करून विचारलं, "काका, यातलं बरं कुठलं?" त्याला वाटत होतं की प्रश्न दराचा आहे. दराचा तर आहेच. पण दीडशे वर्षांचा हा इतिहास चाळला की त्याखालचा जुना प्रश्न दिसतो. पैशाच्या वाटेवरचं शेवटचं अंतर चालायचं कुणी? पैसे घेऊन येणाऱ्याने, की ज्याचे पैसे आहेत त्याने?

मनिऑर्डरच्या आधी हुंडी होती. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे मिळत, मुदतीची हुंडी ठरल्या दिवशी वटे. पण ती व्यापाऱ्याची सोय. हुंडीचा एक प्रकार 'शहाजोग' म्हणून ओळखला जाई. तिचे पैसे पेठेत पत असलेल्या माणसालाच, म्हणजे 'शहा'लाच मिळत. शब्द आपल्या भाषेत राहिला आणि त्याचा अर्थ साळसूदपणाचा आव आणणारा असा झाला. गिरणीतल्या कामगाराला कुठली पत? गावचा कुणी शिमग्याला किंवा गणपतीला निघाला की त्याच्याकडे तो पुरचुंडी द्यायचा. माणूस प्रामाणिक असला तर पैसे पोचत. पण सणाला पोचत. आजारपण काही सण बघून येत नाही.

१ जानेवारी १८८० रोजी मनिऑर्डरचं काम सरकारी खजिन्यांकडून पोस्टाकडे आलं आणि कोकणाचं नशीब पालटलं असं म्हटलं तर ते खोटं नाही. खजिना जिल्ह्याच्या गावी. पोस्ट मात्र वाडीच्या टोकाला. त्या वेळी मुंबईत गिरण्यांचे भोंगे वाढत होते आणि रत्नागिरी जिल्ह्यातून माणसं बोटीने मुंबईला लोटत होती. कोकणात पुरुष नसलेली घरं तयार झाली, आणि ती चालली मनिऑर्डरवर. पुढे या व्यवस्थेला अभ्यासकांनी 'मनिऑर्डर अर्थव्यवस्था' असं नाव दिलं. पगार झाला की खानावळवालीचा हिशोब, मग पठाणाचं व्याज, आणि उरलं ते पोस्टाच्या रांगेत. अलीकडच्या काळात मनिऑर्डरचा आकार वीस रुपयांमागे एक रुपया होता, म्हणजे शेकडा पाच. स्वस्त नव्हतंच ते. पण त्या पाच रुपयांत पोस्टमनची पायपीट होती, घरपोच रोकड होती, पोच होती आणि निरोपही होता. आजच्या सेवांत ही चारही कामं एकत्र मिळणं अवघड.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गावोगावच्या पोस्टमनच्या पिशव्या हलक्या झाल्या. पण तोवर कोकणातल्या बऱ्याच घरांत दुसरीकडून पैसा येऊ लागला होता.

दापोली, मंडणगड, खेड, श्रीवर्धन या पट्ट्यातली माणसं, विशेषतः खाड्यांकाठच्या मुसलमान वस्त्यांमधली, जहाजांवर आणि आखातात फार पूर्वीपासून जात आली आहेत. आज ऐकायला नवल वाटेल, पण तिथे त्यांना पगार रुपयांत मिळे. कुवेत, बहारीन, कतार, दुबई या साऱ्या किनाऱ्यावर भारतीय रुपयाच चलनात होता. तिथून रुपये देऊन सोन्याची तस्करी फार वाढली, म्हणून १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातापुरत्या वेगळ्या नोटा काढल्या. १९६१ मध्ये कुवेतने आणि १९६५ मध्ये बहारीनने स्वतःचा दिनार आणला, आणि जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झाल्यावर उरलेल्यांनीही हळूहळू आपापली नाणी पाडली. तेव्हापासून घरी पाठवायच्या पैशाला एक नवा काटा लागला, तो विनिमयाच्या दराचा. गिरणीतल्या माणसाने पाठवलेले पंचवीस रुपये गावी पंचवीसच असत. दुबईतल्या शंभर दिरहॅमचे गावी किती होणार, हे मात्र मधला माणूस ठरवू लागला.

१९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात बांधकामं निघाली आणि इथून माणसांची रीघ लागली. त्या काळात पैसे यायचे ते ड्राफ्टने. तिकडच्या एक्स्चेंजवाल्याकडे दिरहॅम किंवा रियाल भरायचे, तो एखाद्या भारतीय बँकेवरचा रुपयांतला ड्राफ्ट लिहून द्यायचा, आणि कामगार तो रजिस्टर पाकिटात घालून घरी धाडायचा. पाकीट यायला दहापंधरा दिवस. ते घेऊन बायकोने एसटीने तालुक्याला जायचं. ड्राफ्ट मुंबईच्या शाखेवरचा असला तर बँक तो वसुलीला पाठवणार, त्यात आणखी आठवडे. नावात एक अक्षर चुकलं तर पाकीट आलं तसं समुद्रापार परत. बँकेची पायरी कधी न चढलेल्या हजारो बायका सही करायला आणि खातं उघडायला शिकल्या त्या या ड्राफ्टमुळे, हे त्याचं श्रेय. पण पोस्टमन ओटीवर यायचा. इथे मात्र बाईलाच चालत जावं लागलं.

ती फट हवालावाल्याने हेरली. दुबईत कामगाराने पैसे द्यायचे आणि दहा रुपयांच्या एखाद्या नोटेचा नंबर घरी कळवायचा. दोनचार दिवसांत एक माणूस दारात येई, नंबर जुळला की रोकड मोजून देई. तो बँकेपेक्षा चढा दरही द्यायचा, कारण १९७३ च्या फेरा कायद्याने सरकारी दर बांधलेला आणि बाजारात परकीय चलनाला भाव जास्त. पावती नाही, दाद मागायची सोय नाही, धंदा बेकायदा; पण घरपोच होता. पुढे मार्च १९९२ मध्ये दुहेरी दर आला, मार्च १९९३ मध्ये दर बाजारावर सोडला गेला, आणि बँकेचा दर व हवाल्याचा दर यांतलं अंतर आटलं. हवाल्याची ओढ धाडींपेक्षा या दोन निर्णयांनी जास्त कमी केली असं माझं ठाम मत आहे. तो आजही फेमा कायद्याखाली बेकायदाच आहे, आणि पैसा बुडाला तरी कुणी तक्रार करायला धजत नाही, कारण तक्रार म्हणजे कबुलीच.

आता खिडकीवरच्या तीन वाटांकडे येऊ. या तिन्ही आपल्याला नव्या वाटतात, पण प्रत्येकीचं मूळ या जुन्या गोष्टींत आहे.

रोख उचलणं ही हवाल्याचीच रीत, कायद्याच्या चौकटीत बसवलेली. पाठवणाऱ्याला दहाबारा आकडी नंबर मिळतो, तो फोनवर सांगायचा, घेणाऱ्याने ओळखपत्र घेऊन जवळच्या केंद्रावर जायचं आणि पैसे घ्यायचे. २००१ पासून आपल्या पोस्टातही परदेशातून आलेले पैसे असे मिळू लागले. ज्या पोस्टाचा माणूस पैसे घेऊन ओटीवर यायचा, त्याच पोस्टाच्या खिडकीपाशी आता आजी रांगेत उभी. पण जे यायला तीन आठवडे लागत ते अर्ध्या तासात येऊ लागलं, हेही खरं.

या वाटेला रिझर्व्ह बँकेने कुंपणं घातली आहेत आणि ती माहीत नसल्यामुळे माणसं हेलपाटे घालतात. एका वेळी २,५०० डॉलरपर्यंतच रक्कम येते, आणि एका माणसाला वर्षात अशा ३० रकमा घेता येतात. पैसे घरखर्चाचे हवेत. धंद्याचे किंवा घर घेण्याचे या वाटेने आणता येत नाहीत. हातात रोख मिळते ती ५०,००० रुपयांपर्यंत. त्यावरची रक्कम चेकने किंवा खात्यातच मिळते. म्हणजे आईचं खातं नाही म्हणून रोख पाठवावी, आणि रक्कम सत्तर हजार असावी, तर खात्याचा प्रश्न पुन्हा समोर उभा.

यात सगळ्यात जास्त नडतं ते नाव. आमच्याकडे माहेरचं नाव, सासरचं नाव, गावाच्या नावावरून पडलेलं आडनाव, आणि उर्दू नावाची इंग्रजीत तीन तऱ्हांनी होणारी स्पेलिंगं. मुलगा पासपोर्टवर आईचं जे नाव आहे ते सांगतो. आईच्या आधारवर दुसरंच. केंद्रावरचा माणूस पैसे देत नाही, आणि ते बरोबरच करतो. मग मुलाने सुटीच्या दिवशी पुन्हा पेढीवर जाऊन नाव दुरुस्त करायचं. दुसरी अडचण छोट्या गावातली: "आज कॅश नाही, उद्या या." म्हणून निघण्याआधी केंद्राला फोन करून रोकड आहे का ते विचारावं. तो नंबर मात्र घेणाऱ्याखेरीज कुणालाही सांगू नये. त्यावरच पैसे हलतात.

खात्यात भरणं ही ड्राफ्टची नात. आखाती पेढीचं भारतातल्या बँकेत रुपयांचं खातं असतं; तुमचे दिरहॅम तिकडे राहतात आणि इथल्या त्या खात्यातून रुपये तुमच्या घरच्या खात्यात येतात. या व्यवस्थेत घरखर्चाच्या रकमेला वरची मर्यादा नाही, मात्र रोख अजिबात देता येत नाही, पैसे खात्यातच जमा व्हावे लागतात. २००५ मध्ये एनईएफटी आली आणि ड्राफ्टचं पाकीट संपलं. २०१० मध्ये आयएमपीएस आली आणि रात्री दोनलाही पैसे जमा होऊ लागले. ऑगस्ट २०१४ पासून जनधनची खाती निघाली, आणि खातंच नाही हे कारण बऱ्याच घरांतून गेलं.

आता दराचा हिशोब, पुतण्याला मी कागदावर मांडून दाखवला तसाच. त्या दिवशीचा बाजारातला दर एका दिरहॅमला २३ रुपये धरू. एक पेढी २२.९० देते आणि कर धरून १५ दिरहॅम फी घेते. दुसरी पाटीवर 'फी नाही' लिहिते आणि २२.७५ देते. तुझ्या खिशात १,००० दिरहॅम असतील तर पहिलीकडे १५ वजा होऊन ९८५ उरतात, त्याचे २२,५५६ रुपये. दुसरीकडे २२,७५०. दुसरी चांगली. पण तीन महिन्यांचे साठवून ३,००० पाठवलेस तर पहिलीकडे ६८,३५६ आणि दुसरीकडे ६८,२५०. इथे पहिली चांगली. दोन्ही साधारण २,२९० दिरहॅमला बरोबरीत येतात. फी डोळ्यांना दिसते, दरातली कात्री दिसत नाही; म्हणून खिडकीवर एकच प्रश्न विचारावा, 'मी इतके दिरहॅम दिले तर घरी नक्की किती रुपये पडतील?' आणि त्या आकड्यांची तुलना करावी.

खात्याच्या वाटेत काय बिघडतं? खाते क्रमांक. एनईएफटीने पैसे जमा होताना बँक खाते क्रमांकावरच जाते, नाव जुळवून बघण्याचं बंधन तिच्यावर नसतं. एक आकडा चुकला आणि त्या क्रमांकाचं खातं अस्तित्वात नसेल तर पैसे परत येतात. ते कुणा भलत्याचं असेल तर त्याच्या खात्यात जातात आणि त्याच्या संमतीशिवाय निघणं अवघड होतं. उलट आयएफएससी कोड चुकला तर बहुधा पैसे नुसते परत फिरतात. २०१९ आणि २०२० मध्ये सरकारी बँकांची विलीनीकरणं झाली. विजया आणि देना बडोद्यात गेल्या, सिंडिकेट कॅनरात, कॉर्पोरेशन आणि आंध्रा युनियनमध्ये. शाखा तीच, पाटी नवी, कोड नवा. आखातातल्या कित्येकांच्या मोबाइलमध्ये मात्र जुनाच कोड जपून ठेवलेला.

आमच्याच घरात हे घडलं. माझ्या मावसबहिणीच्या खात्यात नवऱ्याने पाठवलेले पैसे नऊ दिवस आले नाहीत. तिकडची पेढी म्हणे 'गेले', इथली शाखा म्हणे 'आले नाहीत'. दोघंही खरं बोलत होते. जुन्या कोडमुळे पैसे मधूनच परतीला लागले होते. शेवटी उपयोगी पडला तो यूटीआर नंबर. प्रत्येक व्यवहाराला भारतातली बँक हा नंबर देते. पेढीची पावती तिकडच्या भाषेत बोलते, यूटीआर इथल्या बँकेच्या भाषेत बोलतो. पैसे आले नाहीत तर पेढीकडून आधी यूटीआर मागावा. नंबर मिळाला तर इथल्या शाखेला त्यावरून माग काढता येतो. नंबरच मिळत नसेल तर पैसे अजून भारतातल्या बँकेच्या रांगेत लागलेलेच नाहीत असं बहुधा समजावं, आणि भांडण तिकडच्या पेढीशी करावं. आजोबांच्या हातात अंगठ्याची पोच यायची. यूटीआर ही आजची पोच.

तिसरी वाट वॉलेटची. तिचं मूळ मला आजोबांच्या कूपनातल्या 'पैकी ५ वाण्यास' या शब्दांत दिसतं. कित्येक घरांचे पैसे सरळ वाण्याच्या वहीत जमा व्हायचे आणि महिनाभर त्यातून तांदूळ, रॉकेल, साखर निघायची. पैसा आहे, पण हातात नाही, वहीत आहे. वॉलेट ही तशीच वही, फक्त फोनमधली, आणि एका वाण्याऐवजी हजार दुकानांत चालणारी. केनियात मार्च २००७ मध्ये एम-पेसा सुरू झाली. तिथे बँका थोड्या आणि फोन घरोघरी, म्हणून वही बँकेच्या आधी पोचली. आपल्याकडे उलट झालं. जनधनने खाती दिली, २०१६ मध्ये यूपीआय आलं, आणि खात्यातले पैसेच थेट फोनवरून फिरू लागले. मग वेगळी वही कशाला? नियमही आखडते आहेत: पूर्ण केवायसी असलेल्या वॉलेटमध्ये परदेशातून आलेल्या एका रकमेतले ५०,००० रुपयेच भरता येतात, वरचे खात्यात जातात. त्यामुळे दापोलीतल्या आईला मुलाने वॉलेटमध्ये पैसे पाठवावेत असं सांगायला माझ्याकडे तरी कारण नाही.

पण याच कोकणात असा एक माणूस आहे ज्याला या वाटेचा विचार करावा लागतो. रत्नागिरीच्या हापूसच्या बागांत राखणीला आणि मिरकरवाड्याच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून नेपाळी कामगार आहेत. शंभर वर्षं पैशाची वाट बघणारं कोकण आता स्वतः पैसे पाठवण्याचं ठिकाण झालं आहे. पूर्वी हे गडी हंगाम संपला की कमरेला पैसे बांधून निघायचे. रेल्वेत लूट, सीमेवर भीती. शिवाय १०० रुपयांहून मोठ्या भारतीय नोटांवर नेपाळात कैक वर्षं बंदी असायची, आणि २०१६ च्या नोटाबंदीत तिकडच्या घरांत साठवलेल्या आपल्या नोटा कागद होऊन पडल्या.

त्यांच्यासाठी मे २००८ मध्ये भारत-नेपाळ रेमिटन्स सुविधा सुरू झाली. इथल्या बँकेच्या शाखेतून एनईएफटीने पैसे निघतात आणि नेपाळात खात्यात जमा होतात, किंवा खातं नसेल तर तिथल्या केंद्रावर रोख मिळतात. दराची चिंता नाही, कारण १९९३ पासून १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी रुपये हे ठरलेलं आहे. खात्यातून पाठवणाऱ्याची मर्यादा २०२१ मध्ये ५०,००० वरून दोन लाख झाली. ज्याचं इथे खातं नाही, रोख घेऊन जो खिडकीवर जातो, त्याला मात्र अजून एका वेळी ५०,००० आणि वर्षात बाराच वेळा. नेपाळात ईसेवा, खल्ती अशी वॉलेट चांगली रुळली आहेत. डोंगरातल्या गावात जिथे बँक दिवसाच्या चालीवर आहे, तिथे फोनमध्ये पडलेला पैसा बायकोच्या पायपिटीचा दिवस वाचवतो. तिच्या गावच्या दुकानात तो फोन चालतो का, यावरच सगळं ठरतं.

शेवटी पुतण्याला मी सांगितलं ते असं. "तुझ्या आईचं खातं आहे, एटीएम कार्ड ती वापरते, म्हणजे खात्यातच टाक. पण आधी तिला पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवायला सांग, नवं पासबुक, जुनं नव्हे. खाते क्रमांक आणि आयएफएससी त्यावरूनच लिही, आठवणीने नको. पहिल्यांदा शंभर दिरहॅमच पाठव. ते पडले असं आईने स्वतः सांगितलं की मग बाकीचे. आणि आजीचं आधार बघून तिच्या नावाचं स्पेलिंग लिहून ठेव. कधी रविवारी रात्री आईला दवाखान्यात न्यावं लागलं आणि तिचं खातं काही कारणाने अडकलं, तर रोख उचलायला आजीच जाईल."

त्याने विचारलं, "आणि निरोप, काका? पैशाबरोबर चार शब्द लिहायची जागा कुठे आहे?"

पेढीच्या फॉर्मवर 'पाठवण्याचे कारण' असा एक रकाना असतो. त्यात यादीतून निवडून 'कुटुंबाचा उदरनिर्वाह' एवढंच लिहिता येतं. कौलं आणि गाय यांच्यासाठी त्याला फोनच करावा लागतो.